भिजवलेल्या भाकरीचा कापूस का होत नाही?

प्रश्न: "मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. ग्लुकोजचं अल्फा रूप पाण्यात बीटा होतं आणि बीटाचं अल्फा होतं, हे म्युटारोटेशनमध्ये सांगते. पुढच्याच तासाला सांगते की स्टार्च अल्फा ग्लुकोजचं आणि सेल्युलोज बीटा ग्लुकोजचं. परवा एका मुलानं विचारलं, 'मॅडम, मंग भिजवलेल्या भाकरीचा कापूस काऊन होत नाही?' वर्ग हसला, पण मला धड उत्तर देता आलं नाही. आणि एका OH ची दिशा बदलली म्हणून एवढा फरक कसा पडतो?"

उत्तर:

मॅडम, गोम दोन धड्यांच्या मधे आहे. अल्फा-बीटाची अदलाबदल व्हायला ग्लुकोजच्या पहिल्या कार्बनवरचा OH मोकळा असावा लागतो. साखळी तयार होताना नेमका तोच OH खर्ची पडतो. ही पायरी पुस्तकात अर्ध्या ओळीत उरकलेली असते, म्हणून मुलांना वाटतं की साखळीतलं ग्लुकोजही पेल्यातल्या ग्लुकोजसारखंच पालटत असेल. मी तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात बीएस्सीचे प्रॅक्टिकल घेत आलो आहे आणि हा घोळ तिथपर्यंत सोबत आलेला दिसतो. तुमच्याकडे कोणती उपकरणं आहेत ते मला माहीत नाही. पोलॅरिमीटर नसेल तर त्या भागातले आकडे फळ्यावर मांडा, बाकीचं घरच्या सामानात होतं.

आधी रिंग. पुस्तकात ग्लुकोज सरळ सहा कार्बनांचं काढतात, वर अल्डिहाइड आणि खाली OH ची रांग. पाण्यात असं सरळ ग्लुकोज जवळजवळ नसतंच, हजारात एकही रेणू तसा सापडत नाही. पाचव्या कार्बनवरचा OH वळून पहिल्या कार्बनच्या अल्डिहाइडला चिकटतो आणि पाच कार्बन, एक ऑक्सिजन अशी सहाची रिंग बनते. चिकटण्याआधी तो पहिला कार्बन सपाट असतो, त्यामुळे पाचव्याचा OH त्याला या अंगानंही भिडू शकतो आणि त्या अंगानंही. एका अंगानं भिडला तर पहिल्या कार्बनवर जो नवा OH तयार होतो तो रिंगच्या पातळीला काटकोनात उभा राहतो, ते अल्फा. दुसऱ्या अंगानं भिडला तर तो रिंगच्या कडेनं बाहेर पसरतो, ते बीटा. रिंगमधले बाकीचे चारही कार्बन आहेत तसेच राहतात. या दोन रूपांना अॅनोमर म्हणतात आणि त्या पहिल्या कार्बनला अॅनोमरिक कार्बन.

इथे एक सूचना. हॉवर्थच्या सपाट षट्कोनात अल्फाचा OH खाली आणि बीटाचा वर एवढंच दिसतं, आणि 'खाली-वरनं काय बिघडतं' असं मुलांना वाटणं साहजिक आहे. खुर्चीसारखी वाकलेली खरी रिंग एकदा तरी दाखवा. बॉल-स्टिकचा संच असेल तर उत्तमच, नाहीतर कणकेचे गोळे आणि खराट्याच्या काड्या चालतात. खुर्चीत बीटा ग्लुकोजचे सगळे मोठे गट कडेनं बाहेर गेलेले असतात, उभा एकही नसतो. अल्फात फक्त पहिल्या कार्बनवरचा एक उभा असतो. पुढची सगळी गोष्ट त्या एका उभ्या OH वर चालते.

आता म्युटारोटेशन. ही अदलाबदल रिंग थेट पालटून होत नाही. रिंग उघडते, क्षणभर सरळ साखळी होते, पहिला कार्बन परत सपाट होतो, आणि पुन्हा मिटताना अल्फा किंवा बीटा यापैकी काहीही होऊ शकतं. फ्रान्समध्ये द्युब्रुन्फॉनं १८४६ मध्ये पाहिलं की ताज्या ग्लुकोजच्या द्रावणातून प्रकाशाचं प्रतल जेवढं फिरतं, ते द्रावण नुसतं ठेवून दिलं तरी हळूहळू कमी होत जातं. शुद्ध अल्फाचं विशिष्ट भ्रमण +११२.२ अंश, शुद्ध बीटाचं +१८.७. कुठल्याही टोकापासून सुरुवात करा, शेवटी काटा +५२.७ वर येऊन थांबतो. यावरून मुलांना प्रमाण काढायला लावा. अल्फाचा वाटा क्ष धरला तर ११२.२ क्ष + १८.७ (१ − क्ष) = ५२.७. म्हणजे ९३.५ क्ष = ३४, म्हणून क्ष साधारण ०.३६. शंभरात छत्तीस अल्फा, चौसष्ट बीटा. काटा थांबला तरी रेणू थांबत नाहीत. जेवढे अल्फाचे बीटा होतात तेवढेच बीटाचे अल्फा होतात, एवढंच.

पोलॅरिमीटर मिळाला तर हे करून दाखवा, पण आपल्याकडे ते कसं फसतं तेही माहीत असू द्या. दुकानातलं साधं ग्लुकोज पावडर म्हणजे बहुतेक वेळा अल्फा ग्लुकोजचे असे स्फटिक, ज्यांच्या प्रत्येक रेणूसोबत पाण्याचा एक रेणू बांधलेला असतो. १९८ ग्रॅम पावडरीत ग्लुकोज १८० ग्रॅमच. दहा ग्रॅम तोलून शंभर मिलिलिटर द्रावण केलं आणि वीस सेंटिमीटरची नळी लावली, तर सुरुवातीला ११२.२ × २ × ०.१ = २२.४ अंश यायला हवेत असं मुलं मांडतात, आणि येतात त्याहून कमी. त्या पाण्याचा हिशेब धरला की सुरुवात २०.४ आणि शेवट ९.६ निघतो. जीवनसत्त्वं, क्षार किंवा स्वाद घातलेला डबा आणू नका, त्यात ग्लुकोज नेमकं किती ते कळत नाही.

दुसरी फसगत तापमानाची. पंचवीस अंशांना उदासीन पाण्यात निम्मा प्रवास व्हायला साधारण अर्धा तास लागतो. एप्रिलमध्ये आपली लॅब चाळिशीला पोचलेली असते, तिथे हेच काम सात-आठ मिनिटांत होतं. पावडर विरघळवा, नळी भरा, बुडबुडा काढा, काटा जुळवा, एवढ्यात आठ मिनिटं गेली की पहिलंच वाचन २०.४ ऐवजी १५ च्या आसपास येतं. मुलं घाबरून वजन पुन्हा तपासत बसतात, आणि तेवढ्या वेळात काटा आणखी उतरतो. त्यात मधेच लाइट गेली तर सोडियमचा दिवा पुन्हा तापायला वेळ घेतो, म्युटारोटेशन काही त्याच्यासाठी थांबत नाही. हे प्रॅक्टिकल डिसेंबर-जानेवारीत, सकाळच्या तासाला घ्यावं हे माझं मत. पावडर लवकर विरघळावी म्हणून कोणी पाणी गरम केलं, तर पहिल्या वाचनापासूनच ९.६ दिसतो आणि आलेख सपाट येतो. अदलाबदल पातेल्यातच उरकलेली असते. आम्ल आणि अल्कली दोन्ही ही क्रिया वेगानं घडवतात. अमोनियाचा एक थेंब टाकला तर काही मिनिटांत काटा शेवटच्या जागी येऊन बसतो. म्हणून बोअरचं खारं पाणी वापरू नका, डिस्टिल्ड वॉटर घ्या.

आता त्या मुलाचा मूळ प्रश्न. रिंग उघडते कशी ते नीट बघा. पहिल्या कार्बनवर दोन ऑक्सिजन आहेत, एक रिंगमधला आणि एक OH चा. OH मधला हायड्रोजन सुटतो, त्या ऑक्सिजनचा कार्बनशी दुहेरी बंध होतो, आणि रिंगमधला ऑक्सिजन कार्बनला सोडून हायड्रोजन घेतो. रिंग उघडली. सगळा खेळ त्या सुटू शकणाऱ्या हायड्रोजनचा आहे. अशा रचनेला हेमिअॅसिटल म्हणतात.

साखळी बनते तेव्हा एका ग्लुकोजच्या पहिल्या कार्बनवरचा OH आणि शेजारच्या ग्लुकोजच्या चौथ्या कार्बनवरचा OH यांच्यातून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि मधे एक ऑक्सिजन उरतो. आता पहिल्या कार्बनवरच्या त्या ऑक्सिजनला हायड्रोजन उरला नाही, त्याच्या जागी अख्खं दुसरं ग्लुकोज बसलं. सुटायला काही नाही म्हणून रिंग उघडत नाही, आणि रिंग उघडत नाही म्हणून अल्फाचं बीटा होत नाही. हे अॅसिटल. साध्या पाण्यात, अगदी अल्कलीतही, ते उघडत नाही. बंध जुळला त्या क्षणी जी दिशा होती ती तिथेच कुलूपबंद झाली.

मुलाला अर्धं श्रेय मात्र द्यायला हवं. प्रत्येक साखळीच्या एका टोकाला शेवटचं ग्लुकोज असं असतं की ज्याच्या पहिल्या कार्बनला पुढे कोणी जोडलेलं नाही. तिथला OH मोकळा असतो, आणि साखळी पाण्यात विरघळलेली असेल तर ते एक ग्लुकोज खरोखर अल्फा-बीटा असं पालटत राहतं. पण हजारो ग्लुकोजांत असं एक, आणि ते कितीही पालटलं तरी आतल्या बंधांना ढिम्म फरक पडत नाही. म्हणून भाकर पाण्यात कितीही भिजवली तरी आतलं स्टार्च अल्फाच राहतं.

याचा पडताळा बेनेडिक्टच्या द्रावणानं घेता येतो, कारण त्याला विटकरी करायला उघडू शकणारी रिंग लागते. ग्लुकोज लगेच विटकरी देतं. स्टार्चची पेज किंवा कापूस देत नाही, मोकळी टोकं इतकी थोडी असतात की डोळ्यांना काही दिसत नाही. पांढरी साखरही देत नाही, कारण तिच्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोघांचेही अॅनोमरिक कार्बन एकमेकांना बांधलेले असतात, मोकळं टोक एकही नाही. म्हणूनच साखरेचं म्युटारोटेशन होत नाही. गुळाचा खडा मात्र विटकरी देतो, कारण रस आटवताना काही साखर फुटून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झालेलं असतं. साखर आणि गूळ दोन परीक्षानळ्यांत शेजारी ठेवले तर मोकळा OH म्हणजे काय हे वर्गात वेगळं समजावावं लागत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, एका दिशेनं एवढा फरक कसा. मुलांचा समज असतो की बीटा बंध अल्फा बंधापेक्षा मजबूत असतो. तसं नाही. बंध म्हणून दोन्ही सारखेच चिवट आहेत. आम्ल किंवा एन्झाइम नसेल तर साध्या पाण्यात, नेहमीच्या तापमानाला, यातला कुठलाही बंध आपोआप तुटायला लाखो वर्षं लागतील. फरक साखळीच्या आकारात आहे.

कणकेची मॉडेलं जोडून बघा. बीटा ग्लुकोजमध्ये पहिल्या कार्बनचा बंध कडेनं बाहेर जातो आणि समोरच्या चौथ्या कार्बनचाही कडेनंच बाहेर जातो, दोन विरुद्ध दिशांना. असे दोन ग्लुकोज जोडले की दुसरा पहिल्याच्या तुलनेत उलटा बसतो, तिसरा पुन्हा सुलटा, आणि साखळी सरळ रेषेत पुढे जाते. अल्फात चौथ्याचा बंध कडेनं जातो पण पहिल्याचा उभा निघतो, त्यामुळे प्रत्येक जोडावर थोडं वळण पडतं. वळण दर वेळी त्याच बाजूला पडत असल्यानं साखळीचा मळसूत्रासारखा पीळ होतो, एका वेढ्यात साधारण सहा ग्लुकोज.

सरळ साखळ्या एकमेकींना अंगभर चिकटून बसू शकतात. तुरीच्या सरळ तुऱ्हाट्यांची मोळी घट्ट आवळता येते, बाभळीच्या वाकड्या फांट्यांची येत नाही, तसंच हे आहे. सेल्युलोजच्या प्रत्येक ग्लुकोजवर तीन मोकळे OH असतात. त्यातला तिसऱ्या कार्बनवरचा त्याच साखळीतल्या शेजारच्या रिंगच्या ऑक्सिजनला हायड्रोजन बंधानं धरतो, त्यामुळे साखळी ताठ राहते. बाकीचे बाजूच्या साखळीला धरतात. अशा साखळ्यांच्या चादरी होतात, चादरींवर चादरी रचल्या जातात. एकेक हायड्रोजन बंध कमजोर असतो, पण कापसाच्या एका साखळीत दहा हजारांच्या आसपास ग्लुकोज असतात. सगळे बंध एकदम सुटल्याशिवाय साखळी बाहेर निघत नाही, आणि पाण्याच्या रेणूला मधे शिरायला फट नसते. म्हणून कापसाचं धोतर नदीवर किती वर्षं धुतलं तरी विरघळत नाही, नुसतं भिजतं. ओल धाग्यांच्या मधे आणि कमी घट्ट भागात जाते, स्फटिकासारख्या घट्ट भागात जात नाही.

स्टार्चमध्ये दोन प्रकारच्या साखळ्या असतात. अॅमिलोज ही जवळजवळ विनाफांदीची, पिळाची. अॅमिलोपेक्टिनला दर पंचवीस-तीस ग्लुकोजांनंतर सहाव्या कार्बनवरून फांदी फुटते. फांद्या असल्यावर घट्ट मोळी बांधायची सोयच उरत नाही. बहुतेक धान्यांत अॅमिलोपेक्टिन पाऊणच्या आसपास असतं. दाण्यात हे स्टार्च बारीक कणांच्या रूपात रचलेलं असतं आणि थंड पाण्यात नुसतं खाली बसतं. पाणी तापलं, ज्वारीच्या बाबतीत सत्तर अंशांच्या आसपास गेलं, की आतली रचना सैल होते, पाणी आत शिरतं, कण फुगून फुटतात आणि चिकट लगदा होतो. ज्वारीच्या पिठात गव्हासारखं ग्लुटेन नाही, म्हणून पीठ गरम पाण्यात मळतात. थोडं स्टार्च असं फुलून चिकट झालं की भाकर थापताना कडा फाटत नाहीत.

दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी बघायच्या असतील तर खळ दिलेलं सुती कापड घ्या. कापड बीटा साखळ्यांचं, खळ अल्फा साखळ्यांची, दोन्ही निव्वळ ग्लुकोज. खळ दिलेल्या कापडाचा एक तुकडा आणि त्याच कापडाचा नीट धुऊन खळ काढलेला दुसरा तुकडा शेजारी ठेवा. मेडिकलमधलं टिंक्चर आयोडीन पाण्यात पातळ करून दोन्हींवर एकेक थेंब टाका. खळीच्या कापडावर गडद निळा डाग उमटतो, धुतलेल्यावर आयोडीनचा पिवळट तपकिरी रंग तसाच राहतो. अॅमिलोजच्या पिळाच्या मधे पोकळ नळी असते, आयोडीनचे रेणू तिच्यात एका रांगेत बसतात आणि निळा रंग येतो. सेल्युलोजच्या सरळ साखळीत बसायला पोकळीच नाही. म्हणजे निळा रंग ग्लुकोजचा नव्हे, पिळाचा पुरावा आहे. पेजेत निळा रंग आल्यावर ती परीक्षानळी तापवून दाखवा, पीळ सैल होऊन रंग जातो, आणि फार उकळून आयोडीन उडालं नसेल तर थंड झाल्यावर परत येतो.

हा प्रयोग बिघडतो तो बहुतेक साबणामुळे. सोडा किंवा साबण कापडात राहिला असेल तर अल्कलीत आयोडीनच नाहीसं होतं आणि खळ असूनही डाग निळा होत नाही किंवा येऊन विरतो. कापड दोन-तीन पाण्यांतून काढा, शेवटच्या पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर टाका. टेरिकॉट चालणार नाही, शंभर टक्के सुती हवं. धुतलेला तुकडाही फिकट निळा आला तर खळ पूर्ण निघालेली नाही, कोमट पाण्यात पुन्हा धुवा.

आता आम्ल. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात पेज उकळत ठेवली आणि मधून मधून थेंब काढून आयोडीननं तपासला, तर आधी निळा, मग जांभळट, मग लालसर आणि शेवटी नुसता आयोडीनचा रंग दिसतो. साखळ्या तुकड्या-तुकड्यांनी आखूड होत गेल्या, पीळ मावेनासा झाला. त्याच आम्लात तेवढाच वेळ कापूस उकळा, कापूस दिसायला कापूसच राहतो. बंध सारखेच, पण आम्लाला घट्ट भागात हातच घालता येत नाही. सैल भागातले बंध मात्र तुटतात, त्यामुळे धागा कमजोर होतो. लॅबच्या सुती अॅप्रनवर पातळ सल्फ्युरिक आम्ल उडालं तर त्या दिवशी काही दिसत नाही, पाणी उडून आम्ल जागच्या जागी तीव्र होतं आणि पुढच्या धुण्याला तिथे भोक पडतं. तीच ही क्रिया. प्रयोगशाळेत सेल्युलोजचं पूर्ण ग्लुकोज करायचं तर आधी ७२ टक्के सल्फ्युरिक आम्लात भिजवून साखळ्यांची मोळी सैल करतात, मग पाणी घालून आम्ल पातळ करून दाबाखाली १२१ अंशांना तासभर ठेवतात. हे शाळेत करू नका, फक्त सांगा. सल्फ्युरिक आम्लानं कापडाची साखर करता येते हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ब्राकोनोनं १८१९ मध्येच दाखवलं होतं.

या प्रयोगाचा शेवट मला सगळ्यात आवडतो. स्टार्चमधून सुटलेलं ग्लुकोज आणि कापसातून सुटलेलं ग्लुकोज शुद्ध करून वेगवेगळ्या नळ्यांत ठेवलं, तर दोन्हींचं विशिष्ट भ्रमण त्याच ५२.७ वर येतं. बंध तुटला, पहिल्या कार्बनचा OH मोकळा झाला, रिंग पुन्हा उघडू-मिटू लागली, आणि कोण अल्फाच्या घरून आलं नि कोण बीटाच्या, याची खूणच राहत नाही.

पचनाचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण वर्गात तो येणारच: बैलाले कडबा पचते, आपल्याले काऊन नाही. आपल्या लाळेतलं आणि स्वादुपिंडातलं अॅमिलेज ज्या खाचेत साखळी पकडतं ती खाच अल्फाच्या वळणाला बेतलेली आहे. भाकरीचा घास बराच वेळ चावला की थोडा गोड लागतो, ते स्टार्चमधून सुटलेलं माल्टोज. सरळ, ताठ बीटा साखळी त्या खाचेत बसत नाही. आणि बैलाच्याही शरीरात सेल्युलोज तोडणारं एन्झाइम तयार होत नाही. ते काम त्याच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातले जिवाणू आणि बुरशी करतात, आणि सुटलेलं ग्लुकोज बहुतेक तेच आंबवून टाकतात. बैलाला मिळतात ती अॅसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्लं. लागणारं ग्लुकोज त्याचं यकृत मुख्यतः प्रोपिऑनिकपासून नव्यानं बनवतं.

पण इथे सगळं खापर बीटावर फोडू नका. कापूस जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, पऱ्हाटीतही सेल्युलोज भरपूर, तरी वाळल्या पऱ्हाटीच्या काड्या ढोरं टाकून देतात आणि आपण त्या चुलीत घालतो. तिथे आड येतं ते लिग्निन. सेल्युलोजभोवती ते असं बसलेलं असतं की जिवाणूंची एन्झाइमंही साखळीपर्यंत पोचत नाहीत. कडब्यापेक्षा पऱ्हाटी पचायला खूप अवघड, आणि दोन्हींतला बीटा बंध एकच आहे.

उलट बाजूनं स्टार्चही थोडंफार सेल्युलोजसारखं वागू शकतं. भाकर किंवा भात रात्रभर राहिला की घट्ट होतो, कारण फुललेल्या स्टार्चच्या साखळ्या थंड होताना जोडी-जोडीनं एकमेकींभोवती गुंडाळतात आणि हायड्रोजन बंधांनी बांधल्या जातात. त्यातला काही भाग अॅमिलेजलाही तोडता येत नाही. म्हणून शिळी भाकर कडक लागते. ती पाण्याचा हात लावून तव्यावर गरम केली की बरीचशी मऊ होते, कारण आतले बंध अल्फाच आहेत आणि बदलली होती ती फक्त रचना. त्या मुलाला शिळ्या भाकरीत कापूस होताना दिसला असेल तर तो हा भास.

एन्झाइमांच्या नावांवरून आणखी एक गोंधळ होतो. बीटा-अॅमिलेज म्हणजे बीटा बंध तोडणारं, असं परीक्षेत हमखास लिहिलेलं सापडतं. अल्फा-अॅमिलेज आणि बीटा-अॅमिलेज दोन्ही अल्फा बंधच तोडतात. रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड कुननं १९२० च्या दशकात पाहिलं की तोडल्यावर सुटणाऱ्या तुकड्याचा मोकळा OH पहिल्यात अल्फा दिशेला असतो आणि दुसऱ्यात उलटून बीटा होतो, त्यावरून ही नावं आली. हे त्याला ओळखता आलं ते म्युटारोटेशनमुळेच: एन्झाइमनं साखळी तोडल्याबरोबर वाचन घेतलं आणि अल्कलीचा थेंब टाकला, तर भ्रमण एकात खाली येतं आणि दुसऱ्यात वर जातं.

मग उलटं, कापसाचं पीठ होईल का? हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला तर त्याचं उत्तर आता आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया टेकमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये सेल्युलोजपासून एन्झाइमांनी अॅमिलोज तयार करून दाखवलं. त्यांनीही बीटा बंधाला जागच्या जागी वळवलं नाही. आधी साखळी तोडून दोन-दोन ग्लुकोजांचे तुकडे केले. मग एका एन्झाइमनं तो तुकडा फॉस्फेटच्या मदतीनं असा फोडला की एका ग्लुकोजच्या पहिल्या कार्बनवर फॉस्फेट अल्फा दिशेनं बसलं, म्हणजे उलट-पालट झाली ती बंध तुटताना. बटाट्यातून घेतलेल्या दुसऱ्या एन्झाइमनं ते ग्लुकोज फॉस्फेट सोडून अॅमिलोजच्या साखळीला जोडलं. उरलेलं ग्लुकोज यीस्टला खाऊ घातलं. सेल्युलोजमधल्या ग्लुकोजपैकी जास्तीत जास्त तीस टक्के असं स्टार्चमध्ये गेलं, बाकीच्याचं यीस्टनं अल्कोहोल केलं.